पहाटे सव्वातीनला ऑफिसचा कॉम्प्युटर कोणाकडे हजेरी लावतोय?

जून 2024 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन मॉर्फियस’ झालं. कोबाल्ट स्ट्राइक या सॉफ्टवेअरच्या बेकायदा कॉपी चालवणारे 690 आयपी अ‍ॅड्रेस शोधले गेले आणि त्यातले 593 आठवड्याभरात बंद झाले. हे सॉफ्टवेअर मुळात कंपन्यांना स्वतःची सुरक्षा तपासता यावी यासाठी आहे. पण हॅकर्स तेच चोरून वापरतात.

बाहेरचे सर्व्हर पोलीस बंद करतील. पण ऑफिसातल्या कोणत्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर शिरलंय, हे कसं कळणार?

मालवेअर स्वतःच फोन लावतं

फायरवॉल बाहेरून येणारं कनेक्शन अडवते. म्हणून मालवेअर आतूनच हॅकरच्या सर्व्हरला विचारतं, ‘काही काम आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं की ते झोपतं आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतं. याला बीकनिंग म्हणतात. कोबाल्ट स्ट्राइकमध्ये ही झोप बदलली नाही, तर 60 सेकंदांची असते.

अनेक ऑफिसांत इंटरनेटचा वापर प्रॉक्सी सर्व्हरमधून होतो आणि प्रत्येक भेटीची नोंद लॉगमध्ये राहते. हे एक काल्पनिक उदाहरण पाहा. वेळ, कॉम्प्युटर, वेबसाइट आणि उत्तराचा आकार (बाइट्समध्ये):

```
03:15:04 10.20.4.17 cdn-sync.example 412
03:16:04 10.20.4.17 cdn-sync.example 412
03:17:05 10.20.4.17 cdn-sync.example 412
03:18:04 10.20.4.17 cdn-sync.example 412
```

माणूस असा ब्राउझ करत नाही. तो एका मिनिटात दहा पानं उघडतो, मग चहाला जातो. इथे मात्र रात्रभर तेच अंतर आणि तोच आकार आहे. अचानक एखादं उत्तर मोठं आलं, तर कदाचित हॅकरने हुकूम पाठवलाय.

हॅकर वेळ बदलत राहिला तर?

त्यासाठी ‘जिटर’ असतो. कोबाल्ट स्ट्राइकमध्ये 20 टक्के जिटर ठेवला, तर झोप 48 ते 60 सेकंदांमध्ये कुठेही पडते. पण अंतरं तरीही त्या छोट्याशा पट्ट्यातच राहतात. म्हणून तज्ज्ञ प्रत्येक कॉम्प्युटर-वेबसाइट जोडीची सगळी अंतरं काढतात आणि ती किती पसरलीत ते पाहतात.

मग सापडला का चोर?

लगेच नाही. अँटिव्हायरस, मेल आणि चॅट अ‍ॅपसुद्धा घड्याळ लावल्यासारखे सर्व्हर तपासतात. म्हणून पुढचा प्रश्न असतो: या वेबसाइटवर ऑफिसातले आणखी किती कॉम्प्युटर जातात? पाचशे जात असतील, तर ते बहुधा नेहमीचं अपडेट. एकच जात असेल, तर त्या मशीनवर कोणता प्रोग्रॅम हे कनेक्शन उघडतोय, ते तपासावं लागतं.

ही पद्धत कधीकधी फसते. मालवेअर दिवसातून एकदाच बोललं, तर आठवड्याच्या लॉगमध्ये जेमतेम सात नोंदी मिळतात आणि त्यातून लय दिसत नाही. असा संथ पाहुणा पकडायचा, तर लॉग महिनोन्‌महिने जपून ठेवावे लागतात.