विश्लेषण : हरवलेले जाळे मासे पकडत का राहते?

समुद्रात सोडून दिलेल्या किंवा हरवलेल्या जाळ्यांना ‘घोस्ट गिअर’ म्हणतात. त्यांचा विषय निघाला की छोट्या मच्छीमारांना एक सल्ला हमखास दिला जातो : गिलनेट सोडा, गळांची लाँगलाइन वापरा. सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो, पण तो देणाऱ्याने दोन्हींत कोणते मासे येतात ते पाहिलेले नसते.

कशात काय सापडते?

गिलनेट म्हणजे पाण्यात उभी राहणारी तंगुसाची भिंत. वर बोये, खाली शिसे. माशाचे डोके आसातून पुढे जाते, अंग अडकते आणि मागे फिरताना कल्ले गुंततात. लहान मासा आरपार जातो, फार मोठ्याचे डोकेच शिरत नाही. म्हणून बांगड्याचे जाळे साधारण पाच सेंटिमीटर आसाचे असते, तर सुरमईसाठी त्याच्या दुप्पट किंवा त्याहून मोठा आस लागतो. म्हणजे आकाराची निवड गिलनेट चांगली करते. जातीची निवड मात्र त्याला जमत नाही. कासव किंवा डॉल्फिन गुंतले तर श्वासासाठी वर येता येत नाही आणि ते बुडून मरते.

लाँगलाइनमध्ये एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या आणि त्यांना आमिष लावलेले गळ असतात. आमिष गिळणारे शिकारी मासेच त्यावर येतात : वाम, शिंगाळा, तांबोशी, मुशी, पाकट. मासा बहुधा जिवंत आणि धडधाकट मिळतो, म्हणून भावही बरा येतो. पण पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारी तारली गळाला येत नाही आणि बांगड्याच्या थव्यासाठी लाँगलाइन कामाची नाही. ज्याचे घर बांगड्यावर चालते, त्याला ‘गळ वापर’ सांगणे म्हणजे धंदा बदल सांगणे. शिवाय लाँगलाइनही निर्दोष नाही. कासवे आमिष गिळतात आणि उशिरा प्रजनन करणाऱ्या मुशींवर तिचा ताण मोठा असतो.

हरवल्यावर काय होते?

खरा फरक इथे आहे. लाँगलाइन तुटून गेली तर आमिष लवकरच खाल्ले जाते किंवा कुजते, पुढे लोखंडी गळ गंजतात. दोरी प्रवाळात गुंतून नुकसान करते, पण मासे पकडणे बरेचसे थांबते. गिलनेटला मुळात आमिष लागतच नाही.

वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर संशोधकांनी याची चाचणी केली होती, ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. खडकाळ किनाऱ्यापासून एक किलोमीटरवर, १८ मीटर खोलीत, एक गिलनेट आणि एक ट्रॅमल जाळे टाकून त्यांचे एक टोक मुद्दाम कापले. मग पाणबुडे वरचेवर खाली जाऊन मोजणी करत राहिले. काही तासांतच छोट्या मुशी इतक्या अडकल्या की वजनाने जाळी खाली बसली. काही दिवसांत मासे सापडण्याचे प्रमाण घटू लागले. इथे कोणीही म्हणेल, संपले. पण मेलेले मासे खायला खेकडे आले आणि तेच जाळ्यात गुंतले. किमान नऊ महिने जाळे कवचधारी जीव पकडत राहिले. पहिली शिकारच पुढच्या शिकारीचे आमिष झाली.

सगळीकडे नऊ महिनेच लागतात असे नाही. उघड्या, उथळ किनाऱ्यावर लाटा जाळ्याचा लवकर गुंडाळा करतात. खडकावर किंवा बुडालेल्या नौकेवर ताणून अडकलेले जाळे मात्र जास्त काळ उभे राहते. २०२२ च्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे २,९६३ चौरस किलोमीटर गिलनेट समुद्रात हरवते.

मग करायचे काय?

जाळे कोणी हौसेने हरवत नाही. वादळ, खडक आणि रात्री जाळ्यावरून जाणारा ट्रॉलर ही नेहमीची कारणे. तिसऱ्यात दोष छोट्या मच्छीमाराचा नसतो, पण खर्च त्याचाच. म्हणून माझे मत असे की बंदीपेक्षा हरवल्याची नोंद महत्त्वाची. जीपीएस आता होडीवरही असतो. ठिकाण त्याच दिवशी कळवले तर गळ ओढत नेऊन जाळे काढता येते. महिन्याने ते कुठे वाहून गेले, याचा नेम नसतो. मात्र कळवणाऱ्याला दंडाची भीती असेल तर तो गप्प बसेल.

महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना चांगली आहे. तिला दोन जोड द्यावेत : कापलेला तुकडा बंदरावर जमा करणे आणि हरवलेल्या जाळ्याच्या तत्काळ नोंदीलाही काही रक्कम. जागतिक अन्न व कृषी संघटनेची जाळ्यांवर मालकाची खूण असावी अशी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे २०१८ चीच आहेत. ती खूण दंडासाठी नव्हे, तर सापडलेले जाळे परत देण्यासाठी वापरली, तरच मच्छीमार ती लावतील.

एक स्वस्त उपायही सुचवला जातो : बोयांची दोरी जाळ्याला सुती धाग्याने बांधायची. जाळे हरवले तर सूत कुजते, बोये सुटतात आणि भिंत आडवी पडते. वापरातल्या जाळ्याचा धागा अधूनमधून बदलावा लागतो, आणि ही मेहनत कोण करणार, हा प्रश्न किनाऱ्यावर आधी विचारला जाईल.