केसपेपरवर मुलाची उंची हवीच

सहा वर्षांचा एक मुलगा तापाने रुग्णालयात येतो, असे समजू. लघवीत जंतुसंसर्ग आहे आणि ॲमिकॅसिनचे इंजेक्शन द्यायचे ठरते. रक्तातील क्रिएटिनिन १.१ येते. अहवालावर ०.६ ते १.२ ही मर्यादा छापलेली असल्याने मूत्रपिंड ठीक आहे, असेच सर्वांना वाटते. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि लहान मुलाचे स्नायू कमी असतात. या वयात ते साधारण ०.३ ते ०.६ असायला हवे.

मुलाचे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते, याचा अंदाज श्वार्ट्झ यांच्या सूत्राने काढतात. सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे. या मुलाची उंची ११० असेल, तर उत्तर सुमारे ४१ येते. दोन वर्षांवरील निरोगी मुलात ते ९० च्या वर असते. म्हणजे ‘नॉर्मल’ अहवालाच्या या मुलाचे मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करत आहे.

ॲमिकॅसिन जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. ते साचत गेले तर मूत्रपिंडाला आणखी इजा होते आणि कानाची नस दुखावते. गेलेले ऐकू येणे बहुधा परत येत नाही. म्हणून पहिला डोसच निम्मा करावा, असे वाटेल. पण तसे केल्यास जंतू मरत नाहीत. १८ किलो वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पहिला डोस २७० मिलिग्रॅमचा, पूर्णच द्यावा. बदलायचे ते दोन डोसांमधले अंतर. दुसरा डोस २४ तासांनी ठरलेला न धरता, रक्तातील औषधाची पातळी पुरेशी उतरल्यावरच द्यावा. ती तपासणी उपलब्ध नसेल, तर मूत्रपिंडाला कमी जाचक दुसरे प्रतिजैविक निवडणे शहाणपणाचे.

या सूत्राच्या मर्यादाही आहेत. ते एक वर्षाखालील बाळांसाठी नाही. कुपोषित मुलात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. तिथे उत्तर खऱ्यापेक्षा चांगले येते. मूत्रपिंड अचानक बिघडले तर क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. अशा वेळी आकड्यापेक्षा लघवीचे प्रमाण आधी इशारा देते.

केसपेपरवर वजन लिहिले जाते, उंची मात्र बहुतेकदा राहून जाते. तिच्याशिवाय हे गणित मांडताच येत नाही. बालरोग विभागात उंचीचा रकाना सक्तीचा करावा आणि प्रयोगशाळांनी मुलांच्या अहवालावर वयानुसार मर्यादा छापावी. पालकांनीही मुलाला पूर्वी मूत्रपिंडाचा आजार झाला असल्यास औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगावे आणि आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक स्वतःहून देऊ नये.