३ मीटरवरून वाचता येणारा तक्ता
कौंडण्यपूरच्या शाळेत वर्धा नदीचे गढूळ पाणी तुरटीने निवळण्याचा प्रयोग मांडायचा, तर ‘तुरटीने पाणी निवळते’ एवढेच शीर्षक पुरे. ३ मीटरवरून सहज वाचायला अक्षर सुमारे २.५ सेंटिमीटर उंच लागते. शीर्षकाचे त्याच्या दुप्पट हवे. ही उंची मात्रा-उकार सोडून मोजावी आणि ओळींत मोकळी जागा ठेवावी, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. शीर्षकाखाली एका वाक्यात उद्देश. मधली निम्मी जागा दोन पेल्यांच्या आकृतीला: एकात गढूळ पाणी, दुसऱ्यात तळाशी बसलेला गाळ. नावे आकृतीलगतच, गडद रंगात. पांढऱ्यावर पिवळे लांबून दिसतच नाही. निष्कर्ष तळाशी लिहिला की टेबलावरचे साहित्य तो झाकते, म्हणून तो उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर असावा. त्यात गाळ बसला एवढेच लिहावे. पाणी पिण्याजोगे झाले, हे या प्रयोगातून ठरत नाही.