प्लेटचा भाव नव्हे, शेवटचा आकडा विचारा



लग्नसराई जवळ आली की घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेट कितीची पडली?" केटररही हाच आकडा आधी सांगतो, कारण आपण तोच विचारतो. पण माझ्या मते कोटेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा भावाचा नसून 'कमीत कमी पाहुणे' हा असतो. तितकी माणसं जेवली नाहीत तरी तितक्या प्लेटांचे पैसे द्यावेच लागतात.

एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. समजा, आपल्या लाखनीतल्या एखाद्या लॉनवर लग्न आहे आणि ३४० माणसं जेवतील असा अंदाज आहे. पहिला केटरर नागपूरचा. प्लेट ३८० रुपये, कमीत कमी ५०० पाहुणे. वाढप्यांचे १२ हजार, गाडीभाडं ६ हजार आणि जनरेटरचे ८ हजार वेगळे. दुसरा भंडाऱ्याचा. प्लेट ४६० रुपये, कमीत कमी ३०० पाहुणे, वाढपी आणि गाडी त्यातच, फक्त जनरेटरचे ८ हजार वेगळे. दोघांच्याही बिलावर ५ टक्के जीएसटी.

पहिल्याचा हिशेब ५०० प्लेटांवरच लागणार. म्हणजे १,९०,००० अधिक वरचे २६,०००, एकूण २,१६,०००. कर धरून २,२६,८००. दुसऱ्याचा ३४० प्लेटांवर, म्हणजे १,५६,४०० अधिक ८,०००. कर धरून १,७२,६२०. आता दोन्ही रकमांना ३४० ने भागा. ३८० ची प्लेट ६६७ रुपयांना पडली आणि ४६० ची ५०८ रुपयांना.

पाचशेच माणसं जेवली तर मात्र पहिला स्वस्त पडतो, ४५४ रुपये विरुद्ध ५०० रुपये. या दोघांमधला काटा ४५२ वर आहे. तेवढ्या माणसांपर्यंत दुसरा परवडतो, त्यापुढे पहिला. म्हणून आधी आपली यादी पक्की करावी, मगच भाव विचारावा. यादी म्हणजे वाटलेल्या पत्रिका नव्हेत, खरोखर जेवणारी माणसं. अंदाज ३४० चा असेल तर हमी २७०-२८० चीच द्यावी, आणि वरची ६०-७० माणसं त्याच भावात जेवतील हे लिहून घ्यावं. भाव थोडा वाढला तरी चालेल.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. आपले बरेचसे पाहुणे चौविहार पाळतात. नोव्हेंबरअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात पावणेसातच्या आसपास. संध्याकाळच्या लग्नात वडीलधारी मंडळी सूर्यास्ताआधी जेवून उठतात आणि बाकीचे पाहुणे आठनंतर येतात. अशा वेळी केटरर दोनदा मांडणी केल्याचे वेगळे पैसे लावू शकतो. म्हणून पहिलं जेवण किती वाजता तयार हवं, ती वेळ कोटेशनमध्येच घालावी. संपूर्ण स्वयंपाक कांदा-लसूण आणि जमीनकंदाशिवायच असेल, तर 'जैन काउंटर'चा वेगळा आकार मान्य करू नये. बटाट्याच्या जागी कच्ची केळी किंवा पनीर येणार असेल, तर त्याचा फरक भावातच धरायला सांगावा. उकळलेल्या पाण्याची सोय कोण करणार, हेही आधीच विचारावं.

प्लेटा मोजायच्या कशा, हे ठरवलं नाही तर सगळा हिशेब कोलमडतो. जेवण सुरू होण्याआधी आपल्या घरच्या एकाने केटररच्या माणसासोबत स्वच्छ ताटं मोजून कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. शेवटी उरलेली ताटं वजा करावीत. वाढपी, बँडवाले आणि ड्रायव्हर यांची ताटं धरायची की नाही, लहान मुलांचं अर्धं ताट की पूर्ण, हे आधी बोलून ठेवावं. एकाच पाहुण्याने दोन ताटं घेतली तर आकडा फुगतो, तेव्हा ताटांजवळ आपलं एक माणूस असलेलं बरं.

कराचंही स्पष्ट विचारावं. जेवणासह हॉल घेतला तर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के. 'सगळं धरून' म्हणजे कर धरून का, हे तोंडी नको, कागदावर हवं. कर लावत असेल तर बिलावर जीएसटी नंबरही हवा.

शेवटी मला पैशांइतकीच दुसरी गोष्ट सलते. पाचशेची हमी दिली की पाचशेंचं रांधलं जातं. उरलेलं आपण रात्री खात नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते वासी होतं. इतक्या जिवांची हिंसा करून शिजवलेलं अन्न फेकायचं, तेही पैसे मोजून! त्यापेक्षा जास्त भावाची पण कमी हमीची प्लेट मला धर्माच्या आणि हिशेबाच्या, दोन्ही बाजूंनी योग्य वाटते.