पाकिटात पैसे, तरी व्यवहार नाकारला

हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर दरवर्षी 1 जानेवारीपासून ‘नुमाइश’ हे प्रदर्शन भरते. समजा, तेथे एका ग्राहकाच्या मोबाईल पाकिटात 3,000 रुपये आहेत. 800 रुपयांची चादर घेऊन तो दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि व्यवहार नाकारला जातो. दोष बहुधा नेटवर्कला दिला जातो. खरे कारण अनेकदा अपुऱ्या ओळख पडताळणीत, म्हणजे केवायसीत असते.

रिझर्व्ह बँकेच्या 27 ऑगस्ट 2021च्या निर्देशांनुसार पाकिटांचे दोन स्तर आहेत. केवळ मोबाईल क्रमांकाची खातरजमा आणि स्वतः दिलेली माहिती यांवर उघडलेल्या छोट्या पाकिटात महिन्याला 10,000 रुपयांपेक्षा अधिक भरता येत नाहीत आणि शिल्लकही त्यापुढे जाऊ शकत नाही. पूर्ण केवायसी झालेल्या पाकिटात ही शिल्लक 2 लाखांपर्यंत चालते. परंतु नामपल्लीच्या ग्राहकाला अडवते ती रक्कम नव्हे, तर वापराची अट. छोट्या पाकिटातून फक्त वस्तू वा सेवा खरेदी करता येते. कोणाला पैसे पाठवता येत नाहीत. दुकानदाराने व्यापारी कोडऐवजी स्वतःच्या खात्याचा कोड लावला असेल, तर चादरीची खरेदीही यंत्रणेच्या लेखी ‘पैसे पाठवणे’च ठरते. शिवाय यूपीआयच्या सर्व कोडवर पैसे देण्याची सोय पूर्ण केवायसीच्या पाकिटांनाच आहे. त्याच कंपनीशी जोडलेल्या शेजारच्या दुकानात तेच पाकीट चालले, तर अडचण नेटवर्कची नव्हती हे उघड होते.

रोख भरता येणाऱ्या छोट्या पाकिटाला 24 महिन्यांची मुदत असते. तोवर पडताळणी पूर्ण न केल्यास नवी रक्कम भरता येत नाही, मात्र उरलेली शिल्लक खरेदीसाठी वापरता येते. ‘केवायसी संपली, पैसे बुडणार’ असे फोनवर सांगणारा म्हणूनच भामटा समजावा.

पैसे भरण्याच्या शुल्काची कथा निराळी. मार्च 2017 मध्ये पेटीएमने क्रेडिट कार्डाने पाकीट भरण्यावर 2 टक्के शुल्क जाहीर केले आणि ओरड होताच लगेच मागे घेतले. काही ग्राहक कार्डाने पाकीट भरून ती रक्कम विनाशुल्क बँकेत वळती करत होते. कार्ड यंत्रणेचा खर्च मात्र कंपनीच्या माथी पडत होता. तक्रार अगदीच निराधार नव्हती. पुढे 2020 मध्ये कार्डावरील शुल्क परतलेच. 2 टक्के दराने 5,000 रुपयांवर 100 रुपये जातात, त्यावर जीएसटी वेगळा लागला तर 118.

अपुऱ्या पडताळणीचे पाकीट ग्राहकाला केव्हाही बंद करता येते. शिल्लक ज्या खात्यातून आली तेथे परत जाते. दुसऱ्या बँक खात्यात हवी असल्यास आधी पडताळणी करावी लागते. भरताना दिलेले शुल्क शिल्लकेत धरलेले नसते.