मिळाले पंधरा हजार, राहिले किती?

बचत गटाच्या कामानिमित्त मला बायकांच्या हिशेबाच्या वह्या बघायला मिळतात. कुणाचा मसाल्याचा धंदा, कुणाचं शिवणकाम, कुणी डबे देतं, तर कुणी दिवाळीचा फराळ करून देतं. या वह्यांमध्ये जमेच्या बाजूला बहुधा चूक सापडत नाही. किती आले, कधी आले, सगळं नीट लिहिलेलं असतं. गोंधळ असतो तो बाकीच्या रकान्यात. आणि त्याचं मूळ वहीत नसतं, ते असतं गिऱ्हाइकाला गेलेल्या उत्तरात. थोडे पैसे आले की आमच्या बायका लगेच उत्तर देतात, ‘मिळाले, धन्यवाद’, आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. आपल्या मते ही निव्वळ पोच असते. समोरचा मात्र त्याचा अर्थ घेतो, ‘चला, सध्यापुरतं मिटलं.’

माझं म्हणणं असं की, अर्धे-मुर्धे पैसे येतात त्याच दिवशी उरलेली रक्कम आकड्यात लिहून कळवायची. मागणी म्हणून नव्हे, पोच म्हणून. कारण तो दिवस असा असतो, की त्या दिवशी पैशाचा विषय आपण काढलेला नसतो, गिऱ्हाइकानेच काढलेला असतो. आठ दिवसांनी तेच लिहिलं तर तो तगादा होतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्याकडच्या सहा जणींच्या गटाने एका कापड दुकानदाराला दिवाळीचा फराळ दिला. ८० डबे, डब्याला ४५० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. बिल क्रमांक १४, तारीख २४ ऑक्टोबर २०२४. ऑर्डरच्या वेळी १०,००० रुपये उचल मिळाली होती, म्हणून राहिले २६,०००. ते येण्याआधीच संक्रांत आली आणि त्याच दुकानदाराने तिळाचे लाडू मागवले. २० किलो, किलोला ३८० प्रमाणे ७,६०० रुपये, बिल क्रमांक १७, तारीख ११ जानेवारी २०२५. दोन्ही मिळून येणं ३३,६०० रुपये. मग २५ जानेवारीला गटाच्या खात्यात यूपीआयने १५,००० रुपये आले. सोबत एक अक्षर नाही.

गटाची अध्यक्ष उत्तर टाइप करत होती, ‘शेठ, पैसे मिळाले, आभारी आहोत. बाकीचंही बघा जरा.’ या वाक्यात वाईट काहीच नाही. पण हे पैसे कशाचे, आणि ‘बाकीचं’ म्हणजे किती? शेठ सहज म्हणू शकतील, लाडवांचे ७,६०० दिले आणि उरलेले फराळात धरा. किंवा असंही म्हणतील, की फराळाचं मिटलं असंच मी समजत होतो. आणखी तीन महिन्यांनी कुणाचीच आठवण पक्की राहणार नाही, आणि ज्याची आठवण कच्ची त्याचं नुकसान. पैसे येणं असलेल्याचं नुकसान त्यात नेहमीच जास्त.

म्हणून आम्ही बसून दुसरा निरोप तयार केला. तो असा गेला:

‘शेठ, नमस्कार. आज २५ जानेवारी रोजी यूपीआयने रु. १५,००० मिळाले, आभारी आहोत. ही रक्कम फराळाच्या बिल क्र. १४ मध्ये जमा केली आहे. 
बिल क्र. १४: एकूण ३६,०००, उचल १०,०००, आज १५,०००, बाकी ११,०००. 
बिल क्र. १७ (लाडू): बाकी ७,६००. 
एकूण बाकी रु. १८,६००. 
ही रक्कम १० फेब्रुवारीपर्यंत मिळावी. हिशेबात काही फरक वाटल्यास कृपया दोन दिवसांत कळवावे.’

यात शब्द फार नाहीत, पण प्रत्येक ओळीला काम आहे. आधी मिळालेली रक्कम, तारीख आणि कशाने मिळाली ते, म्हणजे बँकेच्या पासबुकाशी मेळ घालता येतो. मग ती कुठल्या बिलात धरली. मग प्रत्येक बिलाची बाकी, आणि शेवटी एकच बेरीज. बेरीज समोरच्याला करायला लावू नये, तो ती करत नाही. आणि तारीख हवीच. ‘जमेल तसं द्या’ हे आपण सौजन्याने लिहितो, पण जमण्याची तारीख मग तोच ठरवतो.

कुठल्या बिलात रक्कम धरायची, याबद्दल १८७२ चा भारतीय करार कायदा स्पष्ट आहे. पैसे देणाऱ्याने ‘हे अमुक बिलाचे’ असं सांगितलं आणि आपण ते घेतले, तर त्याच बिलात धरावे लागतात. त्याने सांगितलं नाही, तर कुठल्या येण्यात धरायचे ते आपण ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर जुन्या देण्यापासून क्रमाने जमा होतात. आम्ही जुनं बिल निवडलं, कारण वाद जुन्याच बिलावर होतात. तीन महिन्यांपूर्वीचे डबे कुणाला आठवणार? लाडू ताजे होते, पूर्ण पोचले होते, त्यावर तक्रार नव्हती.

आणि झालंही तसंच. संध्याकाळी शेठचं उत्तर आलं, ‘वहिनी, चार डब्यांतल्या करंज्यांचा चुरा झाला होता, ते मी धरणार नाही. उरलेले पुढच्या महिन्यात देतो.’ गटातल्या दोघी चिडल्या. मला मात्र हे उत्तर मोलाचं वाटलं. दिवाळीपासून मनात असलेली तक्रार शेठने आता बोलून दाखवली. बाकीचा आकडा पुढे ठेवला नसता, तर ती शेवटच्या हप्त्याच्या वेळी निघाली असती, आणि तेव्हा ती चार डब्यांची राहिली असती की दहा, कोण जाणे!

तक्रार खरी आहे का ते आधी बघावं लागतं. डबे पोचवणाऱ्या दोघींना विचारलं, तर टेम्पोत वरचे काही डबे कलंडले होते हे त्यांनी मान्य केलं. चार डब्यांचे १,८०० रुपये. मग दुसरा निरोप गेला, ‘चार डब्यांचे रु. १,८०० वजा केले. आता बिल क्र. १४ ची बाकी ९,२००, बिल क्र. १७ ची ७,६००, एकूण रु. १६,८००. आपण म्हटल्याप्रमाणे ही रक्कम फेब्रुवारीत मिळेल असे धरतो, १५ तारखेपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल.’ सूट द्यायला हरकत नाही, पण ती कशाची आणि किती, हे वेगळ्या ओळीत दिसलं पाहिजे. नुसती बाकी कमी करून पाठवली तर पुढच्या वेळी आणखी थोडी कमी करा असं म्हणायला जागा राहते. आणि तक्रार मान्य नसेल तर वादाची रक्कम बाजूला ठेवून लिहावं, ‘चार डब्यांबद्दल बोलू, बाकी १६,८०० बद्दल वाद नाही.’ चार डब्यांसाठी सगळेच पैसे अडकू देऊ नयेत.

आता काही शब्दांपासून सांभाळून राहायला हवं. दुकानात रोख पैसे देताना पुष्कळदा व्हाउचरवर सही घेतात, आणि त्यावर आधीच छापलेलं असतं, ‘हिशेब पूर्ण’ किंवा ‘फुल अँड फायनल’. कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली, तर ती तशी धरता येते, हेही त्याच करार कायद्यात आहे. म्हणून सही करण्याआधी ते शब्द खोडायचे आणि हाताने लिहायचं, ‘बिल क्र. १४ पोटी रु. १५,००० मिळाले, बाकी रु. ११,०००.’ रोखीची पावती आपण देत असू आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल, तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करावी. चेक असेल तर ‘रक्कम मिळाली’ लिहायची घाई नको. ‘अमुक क्रमांकाचा चेक मिळाला, वटल्यावर जमा धरू’ एवढंच लिहावं.

आणखी एक गोष्ट बायकांना सहसा कुणी सांगत नाही. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं असते. त्या मुदतीत गिऱ्हाइकाने थोडे पैसे भरले, तर त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा मोजता येतात. पण त्यासाठी पैसे भरल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची लागते. आपण आपल्या वहीत लिहिलेलं त्यासाठी पुरत नाही. म्हणून येणं जुनं होत चाललं असेल, तर पैसे चेकने घ्यावेत, किंवा बाकीच्या कागदावर ‘बरोबर आहे’ असं लिहून त्याची सही घ्यावी. शेठचा ‘उरलेले पुढच्या महिन्यात देतो’ हा निरोपही म्हणूनच पुसून टाकायचा नाही.

इतकं लिहिलं की काही मैत्रिणी म्हणतात, ‘अहो, रोजचं गिऱ्हाईक आहे, आकडे टाकले तर काय वाटेल त्यांना?’ मी त्यांना विचारते, किराणावाला तुमच्या वहीत बाकी लिहितो तेव्हा तुम्हाला राग येतो का? उलट त्याने लिहिलं नाही, तर आपणच विचारतो. खटकतो तो आवाज, आकडा नव्हे. ‘मिळावी’, ‘कळवावे’ एवढी मऊ भाषा ठेवून आकडा मात्र स्पष्ट ठेवता येतो.

आणि या आकड्यात काय असतं तेही बघा. त्या १५,००० रुपयांपैकी बहुतेक रक्कम तूप, बेसन, रवा आणि साखरेची उधारी भागवण्यात गेली. पहिले पैसे नेहमी मालवाल्याकडे जातात. शेवटी जे राहतं, ती आपली मजुरी असते. गटाला येणं असलेल्या १६,८०० रुपयांत सहा जणींच्या दिवाळीआधीच्या रात्री होत्या, प्रत्येकीच्या वाट्याला २,८०० रुपये. बाकी मोघम ठेवणं म्हणजे स्वतःच्या श्रमाचा भाव मोघम ठेवणं. फेब्रुवारीत त्यातले १०,००० आले आणि मार्चमध्ये ६,८००. दोन्ही वेळा त्याच दिवशी निरोप गेला, आधी ‘बाकी रु. ६,८००’ आणि मग ‘बाकी शून्य, हिशेब पूर्ण’. ‘हिशेब पूर्ण’ हे शब्द लिहायचे ते आपण, आणि ते तेव्हाच.