शीर्षक बदलून पेशंट किती वाढतील?

"वेबसाइटचे शीर्षक आणि वर्णन बदला, महिन्याभरात गूगलवर पहिला नंबर!" असे आश्वासन देणारे सल्लागार दवाखान्यांत नेहमी येतात. नाशिकला गंगापूर रोडवर दातांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरने त्यावर विश्वास ठेवू नये. निळ्या शीर्षकाखाली दिसणारे वर्णन क्रमवारी ठरवताना विचारात घेतले जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. शीर्षकाचा थोडा उपयोग होतो, कारण पान कशाबद्दल आहे ते त्यावरून कळते. पण "जवळचा दंतवैद्य" असे शोधल्यावर नकाशासोबत येणारी नावे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात: सेवा शोधाशी किती जुळते, दवाखाना किती लांब आहे आणि तो किती नावाजलेला आहे. शीर्षक बदलून अंतर कमी होत नाही.

म्हणून हे काम निरर्थक आहे, असे म्हणणेही चूकच.

समजा, रूट कॅनलची माहिती देणारे पान शोधात सहाव्या जागी आहे आणि त्याचे शीर्षक नुसते "होम" आहे. दाढ ठणकणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याजागी "रूट कॅनल उपचार, गंगापूर रोड, नाशिक" आणि शेवटी दवाखान्याचे नाव असावे. वर्णनात किती सिटिंग लागतात, खर्च कशावर ठरतो आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत तपासणी होते, ते लिहावे. अर्थात हीच माहिती पानावरही हवी. ते पान महिन्याला १,००० वेळा दिसत असेल आणि २० जण उघडत असतील, तर नव्या मजकुराने ३० जण उघडतील अशी आशा धरता येते. वाढलेल्या दहांपैकी एकाने फोन केला, तरी एक रूट कॅनल मिळू शकेल. लहान दवाखान्याला तासाभराच्या कामाचा हा मोबदला नक्कीच पुरेसा आहे. पान चाळिसाव्या जागी असेल, तर मात्र ते शीर्षक फारसे कोणी पाहणारच नाही. आधी पानावरचा मजकूर सुधारावा लागेल.

दिलेले शीर्षक गूगल जसेच्या तसे दाखवेल, याचीही खात्री नाही. २०२१ मध्ये गूगलने सांगितले होते की साधारण ८७ टक्के वेळा पानाचे स्वतःचे शीर्षक वापरले जाते. "बेस्ट डेंटिस्ट, टॉप डेंटिस्ट, स्वस्त डेंटिस्ट" अशी शब्दांची गर्दी केली, की ते बदलले जाण्याची शक्यता वाढते. वर्णन तर शोधानुसार वारंवार बदलले जाते.

परिणाम तपासायला सर्च कन्सोल पुरते. गूगलने नवे शीर्षक दाखवायला सुरुवात केली, की त्याआधीचे आणि नंतरचे २८ दिवस घ्यावेत. पान तेच, शोधशब्द तेच. डॉक्टरांचे नाव टाकून आलेले शोध वगळावेत, कारण ते लोक शीर्षक कसेही असले तरी पान उघडतात. सरासरी क्रमांक जवळपास तोच राहून उघडणाऱ्यांचे प्रमाण वाढले, तर श्रेय बहुधा नव्या मजकुराचे. क्रमांकच वर गेला असेल, तर कारण दुसरेही असू शकते, आणि दिवाळीचा आठवडा मध्ये आला असेल तर तुलना पुन्हा करावी.

प्रामाणिक सल्लागाराने कामाचे पैसे घेण्यापूर्वी हे आकडे डॉक्टरांसमोर ठेवावेत आणि पाच-सहा पानांपलीकडे हात घालू नये.